छत बांधणार कसं, हे आधी विचारा

खेड्यातल्या एका गवंड्याला नव्या घराचं चित्र दाखवलं गेलं. हल्ली ज्याला रेंडर म्हणतात ते चित्र: संगणकात घर उभं करायचं, त्यावर ऊन-सावली पाडायची आणि फोटो वाटावा असा देखावा काढायचा. एकमजली घर होतं. पुढच्या बाजूला दिवाणखान्याची सहा मीटर लांबीची अखंड काच, ती कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीपर्यंत गेलेली, आणि कोपऱ्यात खांब नाही. त्यावर एक पांढरं, सपाट, पातळ छत, काचेच्या पुढे २.४ मीटर बाहेर काढलेलं. दिवाणखान्यात वरून उजेड यावा म्हणून काचेपासून एक मीटर आत छताला लांबट झरोका. घरमालकांना चित्र फार आवडलं होतं. गवंड्याने ते बराच वेळ पाहिलं आणि आर्किटेक्टला विचारलं, "ताई, घर झकास आहे. पण हे छत बांधायचं कसं?"

"ते इंजिनिअर बघतील, काका," असं उत्तर मिळालं.

या उत्तरात काही उर्मट नाही, खोटंही नाही. पण माझ्या मते घरबांधणीतली निम्मी भांडणं आणि बरीचशी गळकी, वाकलेली छतं या एका वाक्यातून जन्माला येतात. घरमालक चित्र पाहून हो म्हणतो, पैशांचा अंदाज चित्रावरून बांधला जातो, करारालाही तेच चित्र जोडलं जातं. छत कशावर टेकेल, त्याला मागून कोण धरेल आणि त्यावरचं पाणी कुठे जाईल, हे त्यानंतर केव्हातरी ठरतं. हा क्रम उलटा आहे आणि तो बदलला पाहिजे. ज्या घराच्या छताचा छेद, म्हणजे सुरीने कापून बाजूने पाहिल्यासारखं रेखाटन, काढून झालेलं नाही आणि ते बांधणाऱ्या माणसाला दाखवलेलं नाही, त्या घराचं चित्र मालकासमोर मंजुरीसाठी ठेवूच नये, असं माझं म्हणणं आहे.

चित्रात छत कसं तयार होतं ते पाहिलं की अडचण कळते. संगणकात एक आयत काढायचा आणि तो वर ओढायचा. दहा सेंटिमीटर ओढला की दहा सेंटिमीटर जाडीचं छत झालं. त्याला वजन नाही. काचेवर टेकवलं तर काच फुटत नाही, हवेत सोडलं तरी खाली येत नाही. मग कॅमेरा ठेवायचा तो उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, साधारण दीड-पावणेदोन मीटरवर. तिथून छताची पुढची कड आणि खालची बाजू दिसते, वरची बाजू कधीच दिसत नाही. त्यामुळे वर पाण्याचा उतार आहे की नाही, पाइप कुठून उतरतो, झरोक्याच्या कडेला काय आहे, यातलं काहीही दाखवावं लागत नाही. चित्र काढणारी व्यक्ती फसवत असते असं नाही. चित्राने विचारलेला प्रश्न फक्त "दिसेल कसं" इतकाच असतो आणि त्याचं उत्तर ते प्रामाणिकपणे देतं. पाहणारा मात्र ते उत्तर "होईल कसं" या प्रश्नाचं समजून चालतो.

गवंडी तसं समजत नाही, कारण त्याच्या हातून छत नेहमी खालून वर होतं. आधी टेकू, मग त्यावर फळ्या, मग सळयांची जाळी, मग काँक्रीट. तो चित्र पाहतानाही याच क्रमाने पाहतो. म्हणून त्याच्या एका प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न होते, आणि नंतर इंजिनिअरसमोर बसल्यावर ते एकेक करून बाहेर आले.

पहिला साधा होता. सहा मीटर लांब काचेवर छत टेकणार कशावर? काच वजन घेत नाही, तेव्हा काचेच्या डोक्यावर बीम हवा. सहा मीटरच्या अंतराला काँक्रीटचा बीम घ्यायचा तर त्याची उंची अंतराच्या बाराव्या ते पंधराव्या हिश्श्याएवढी धरतात, म्हणजे चाळीस ते पन्नास सेंटिमीटर. चित्रात तिथे दहा सेंटिमीटरची कड होती. हा बीम छताखाली सोडला तर काचेची उंची तेवढी कमी होते आणि चित्रातला तो सलग, हलका भाव जातो. छताच्या वर काढला, ज्याला उलटा बीम म्हणतात, तर खालून काही दिसत नाही, पण छतावर आडवा बांध घातल्यासारखं होतं आणि पाणी त्याच्यामागे अडतं. दोन्ही पर्याय चालतात. पण दोन्हींची किंमत वेगळी आहे, आणि ती किंमत चित्र मंजूर करताना मालकाला कुणी सांगितली नव्हती. शिवाय कोपऱ्यात खांब नाही म्हटल्यावर या बीमचं एक टोक अधांतरी राहतं, हा आणखी वेगळा गुंता.

खरा कस लागला दुसऱ्या प्रश्नावर, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण बहुतेक सुशिक्षित माणसांना हे माहीत नसतं आणि बहुतेक अनुभवी गवंड्यांना ते माहीत असतं. बाहेर काढलेला छज्जा खालून कुणी तोलत नाही. त्याला मागून धरून ठेवावं लागतं. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मधोमध खाली वाकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून मुख्य सळया खाली असतात. छज्जाचं उलट असतं. तो टोकाशी खाली झुकू पाहतो, त्यामुळे त्याची वरची बाजू ताणली जाते आणि सर्वांत जास्त ताण तो भिंतीला किंवा बीमला जिथे चिकटतो तिथे येतो. म्हणून सळया वर हव्यात. नुसत्या वर असून भागत नाही, त्या मागच्या छतात खोलवर गेल्या पाहिजेत. नेहमीचा आडाखा असा की छज्जा जेवढा बाहेर, त्याच्या दीडपट सळई आत. २.४ मीटर बाहेर असेल तर ३.६ मीटर आत. त्या मागच्या छताचं वजन पुढच्या छज्जाला उचलून धरतं.

आता चित्र पुन्हा पाहा. काचेपासून एक मीटर आत झरोका होता, काचेला समांतर तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. म्हणजे सहा मीटरपैकी तीन मीटरच्या पट्ट्यात, ज्या सळया ३.६ मीटर आत जायला हव्यात त्या एक मीटरवरच संपणार. गवंड्याने बोट नेमकं तिथे ठेवलं. "इथं तर भोक आहे. मग पुढच्याला मागून धरणार कोण?"

किती वजनाची ही गोष्ट आहे ते आकड्यात पाहू. २.४ मीटरच्या छज्जाला मुळाशी सुमारे सत्तावीस सेंटिमीटर जाडी लागते. कारण छज्जाची लांबी आणि मुळाशी सळईपर्यंतची जाडी यांचं प्रमाण साधारण सातास एक असावं, सळयांचा हिशोब अनुकूल असेल तर दहास एकपर्यंत ताणता येतं, त्यापुढे छज्जा डोळ्यांना दिसेल इतका झुकतो. जाडी मुळापासून टोकाकडे कमी करत नेता येते, टोकाशी बारा सेंटिमीटर पुरतात. म्हणजे चित्रातली पातळ कड अशक्य नव्हती. फक्त खालची बाजू सपाट न राहता तिरपी झाली असती, आणि ते चित्रात दाखवायला हवं होतं. सरासरी जाडी एकोणीस-वीस सेंटिमीटर धरली तर काँक्रीटचं वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या जवळ जातं. वरच्या उताराचा थर आणि जलरोधनाचे दोनशे किलो. कधी साफसफाईला माणसं चढतील त्याचे दीडशे. सगळं मिळून छज्जाच्या एक मीटर लांबीला दोन टन, आणि सहा मीटर लांबीला बारा टन. हे बारा टन चित्रात कशालाही धरून नव्हते. झरोक्यासमोरच्या तीन मीटरमध्ये मागे छत नाही म्हटल्यावर हा भार काचेवरच्या बीमला पिळणार. काँक्रीटच्या बीमला खाली दाब सहन होतो, पीळ फार अवघड जातो. त्यासाठी तो रुंद करावा लागतो, त्यात बंद रिंगा कमी अंतरावर घालाव्या लागतात, आणि तरीही तो जिथे खांबाला मिळतो तिथे खांब तो पीळ घेण्याजोगा हवा. इथे तर एका टोकाला खांबच नव्हता.

हे सगळं इंजिनिअरला कळलं नसतं का? नक्की कळलं असतं. प्रश्न कधी कळलं असतं हा आहे. चित्र मंजूर होऊन, आगाऊ रक्कम देऊन, काचेची मापं कळवून झाल्यावर इंजिनिअरच्या टेबलावर हे आलं की त्याच्यावर एकच दडपण येतं: चित्राला धक्का न लावता कसंतरी बसवा. मग सळया दाट होतात, बीम पिळाला पुरेल इतका मोठा होतो, खर्च वाढतो. घाईच्या कामात तर तेवढंही होत नाही. पिळाचा हिशोबच राहून जातो आणि दोन-तीन वर्षांनी छज्जाच्या मुळाशी वरच्या बाजूला लांबच लांब तडा दिसतो. तो तडा पाणी आत घेतो, सळई गंजते आणि गंजून फुगते. छज्जा पडतो तेव्हा बहुधा असाच पडतो: मुळाशी, एकदम, फारशी सूचना न देता. म्हणून छज्जावर मुळाशी आणि भिंतीला समांतर गेलेला तडा दिसला तर तो प्लॅस्टरचा समजून बुजवू नये. खाली टेकू द्यावा आणि मग माहीतगार माणसाला बोलवावं.

तिसरा प्रश्न खास गवंड्याचा होता, आणि तो इंजिनिअरच्या हिशोबात दिसत नाही. काँक्रीट ओततानाची गोष्ट. छज्जाच्या सळया वर असतात, म्हणजे ज्यावरून माणसं घमेली घेऊन चालतात नेमक्या तिथेच. त्यांना खालून आधाराच्या खुर्च्या, म्हणजे वाकवलेल्या सळईचे घोडे, जवळजवळ लावले नाहीत तर पायाखाली त्या दबतात. बारा सेंटिमीटरच्या साध्या छज्जात वरची सळई खालच्या फळीपासून साडेनऊ सेंटिमीटरवर असायला हवी. ती चार सेंटिमीटर दबली तर छज्जाची ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होते. सळई तितकीच, काँक्रीट तितकंच, नकाशा अगदी बरोबर, आणि तरी छज्जा कमजोर. ओतून झाल्यावर बाहेरून काहीही कळत नाही. इंजिनिअरने जाळी तपासली असेल ती ओतण्याच्या आधी, दबते ती ओतताना. त्या वेळी तिथे उभा असतो तो गवंडी.

टेकू काढण्याचंही तसंच. साध्या स्लॅबचे टेकू मधून कडेकडे काढत जातात. छज्जाचे टोकाकडून मुळाकडे. मुळाजवळचे आधी काढले आणि टोकाखालचा टेकू राहिला, तर तेवढ्या वेळापुरता छज्जा मधे वाकू पाहणारा स्लॅब बनतो, खालची बाजू ताणली जाते, आणि खाली सळई नसते. शिवाय छज्जाचे टेकू सगळ्यांत शेवटी काढायचे, मागचं छत पुरतं पक्कं झाल्यावर, कारण तेच त्याला धरणार आहे. चित्रातल्या घरात आणखी एक भर होती: छज्जाखालची जमीन उतरती होती आणि तिथे भराव येणार होता. ताज्या भरावावर टेकू उभे केले की ओल्या काँक्रीटच्या वजनाने ते खचतात आणि छज्जा जन्मतःच वाकडा होतो. गवंड्याने म्हणूनच विचारलं, भराव आधी की स्लॅब आधी? हा प्रश्न चित्रात मावतच नाही, कारण चित्रात सगळं एकाच क्षणी पूर्ण झालेलं असतं.

चौथा प्रश्न पाण्याचा, तो थोडक्यात सांगतो. सपाट छत खरं तर सपाट नसतं, त्याला निदान शंभरास एक उतार लागतो. नऊ मीटर लांबीला तो नऊ सेंटिमीटर होतो, आणि उताराच्या थराची कमीत कमी जाडी चार सेंटिमीटर धरली तर उंच टोकाला तो थर तेरा सेंटिमीटरचा. चित्रातलं अख्खं छत दहाचं होतं. कडेला कठडा नव्हता, पाइप नव्हता, आणि पुढच्या दोन्ही बाजूंना काच असल्यामुळे पाइप लपवायला भिंतही नव्हती. उतार मागे नेला तर पाणी झरोक्याच्या कडेशी येणार, पुढे नेला तर छज्जाच्या टोकावरून पडणार आणि कडेच्या खालच्या बाजूने आत येणार. त्यासाठी टोकाखाली पाणी तोडणारी खाच ठेवावी लागते. दहा सेंटिमीटरच्या कडेत ती ठेवली की तिथे सळईवर काँक्रीटचं पांघरूण उरत नाही.

आता यावर हमखास येणारा आक्षेप: असे प्रश्न आधीच विचारत बसलो तर कुणी वेगळं घर बांधणारच नाही. गवंड्याला विचाराल तर तो नेहमीचंच सुचवेल. या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. त्यासाठी जगातलं सगळ्यांत मोठं उदाहरण पाहिलं पाहिजे. १९५७ साली सिडनीच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा यॉर्न उत्झोन या डॅनिश वास्तुविशारदाने जिंकली ती रेखाटनांवर. शिडांसारखी फुगलेली छतं. ती बांधायची कशी, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. तरी १९५९ मध्ये पायाचं काम सुरू झालं. ओव्ह अरुप यांच्या कचेरीतले अभियंते कित्येक वर्षं छताचा आकार गणितात बसवत राहिले. १९६१च्या सुमारास मार्ग सापडला: सगळी शिडं एकाच गोलाच्या, सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या गोलाच्या, पृष्ठभागातून कापलेली धरायची. मग वक्रता सगळीकडे एकच झाली, काँक्रीटच्या फासळ्यांचे तुकडे ठरावीक साच्यांत ओतता आले आणि ते एकमेकांना जोडत वर चढता आलं. इमारत १९७३ मध्ये उघडली. तोवर ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला होता आणि उत्झोन १९६६ मध्येच काम सोडून निघून गेला होता.

लोक या गोष्टीतून असा अर्थ काढतात की सुरुवातीला "कसं बांधणार" विचारलं असतं तर ऑपेरा हाउस झालंच नसतं. मी तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहतो. तो प्रश्न टळला नाही, फक्त उशिरा आला. उशिरा आल्यामुळे आधी बांधलेले काही खांब नव्या, जड छताला अपुरे ठरले आणि ते पुन्हा बांधावे लागले. आणि उत्तर मिळालं तेव्हा त्याने छताचा आकारच बदलला. स्पर्धेच्या रेखाटनातली सैल, चपटी शिडं आज तिथे नाहीत. आज ज्याचे फोटो आपण पाहतो ते छत "बांधायचं कसं" या प्रश्नातूनच आलेलं आहे. त्या प्रश्नाने कल्पना मारली नाही, तिला आकार दिला. फरक एवढाच की त्या सरकारने लॉटरी काढून दहा कोटी उभे केले. घर बांधणाऱ्या कुटुंबाजवळ लॉटरी नसते. त्यांच्याजवळ एक ठरलेली रक्कम असते आणि ती पुरली नाही की छतावरचं जलरोधन, झरोक्याची चांगली चौकट, असं काहीतरी न दिसणारं कापलं जातं.

छज्जाचंच उदाहरण हवं असेल तर फ्रँक लॉइड राइटचं फॉलिंगवॉटर आहे. १९३५ मध्ये आखलेलं, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर झेपावलेल्या काँक्रीटच्या गच्च्यांचं घर. मालकाने बाहेरच्या अभियंत्यांना नकाशे दाखवले, त्यांना सळया कमी वाटल्या आणि प्रत्यक्ष कामात त्या वाढवल्या गेल्या. राइट त्यावर चिडला. फळ्या आणि टेकू काढले त्या वेळीच मुख्य गच्ची साडेचार सेंटिमीटरच्या आसपास खाली बसली. साचा टोकाकडे थोडा उचलून ओतण्याची रीत आहे, म्हणजे बसल्यावर छत सपाट दिसतं. इथे ती पाळली गेली नव्हती. काँक्रीटवर सतत भार राहिला की ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. १९९०च्या दशकात मोजलं तेव्हा सुमारे साडेचार मीटरच्या छज्जाचं टोक अठरा सेंटिमीटरपर्यंत खाली गेलेलं होतं, आणि २००२ मध्ये आतून पोलादी केबल ताणून ते थोपवावं लागलं. विसाव्या शतकातलं बहुधा सर्वांत देखणं घर आहे ते, माझाही त्यावर जीव आहे. पण ते आज उभं आहे त्यात ज्यांनी शंका विचारली त्यांच्या जास्तीच्या सळयांचा वाटा मोठा आहे.

गवंड्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर त्याच्याबद्दलचा माझा आदर आंधळा ठरेल. त्याचं ज्ञान त्याने बांधलेल्या घरांएवढं असतं. तीन-साडेतीन मीटरच्या खोल्या आणि साठ-सत्तर सेंटिमीटरचे छज्जे यांत त्याचे आडाखे सहसा बरोबर येतात. त्यापुढे ते दगा देतात, कारण छज्जाचा ताण लांबीच्या वर्गाने वाढतो. लांबी चौपट झाली तर ताण सोळापट. "अजून जाड सळई टाकू" हे त्याचं उत्तर अशा वेळी चुकीचं असू शकतं, कारण वाकणं सळईपेक्षा जाडीने थांबतं. म्हणून मी त्याच्या उत्तरावर घर बांधा असं म्हणत नाही. त्याचा प्रश्न आधी ऐका, एवढंच म्हणतो. उत्तर इंजिनिअरने द्यायचं, आकड्यांसकट. आणि आर्किटेक्टने त्या उत्तरासह घर पुन्हा आखायचं. तिघांची ही बैठक चित्रानंतर नाही, चित्राच्या आधी.

या घरात ती बैठक उशिरा का होईना, काँक्रीट ओतण्याच्या आधी झाली. तीतून काय निघालं ते पाहण्यासारखं आहे, कारण त्यात कुणाचीही हौस बुडाली नाही. झरोका काढला नाही, काटकोनात फिरवला. काचेला समांतर होता तो आता पुढून मागे जाणारा, नव्वद सेंटिमीटर रुंद आणि तीन मीटर लांब झाला. छज्जाच्या सळयाही पुढून मागेच जातात. त्यामुळे झरोक्याने त्यांची वाट फार थोड्या ठिकाणी अडवली, आणि जेवढ्या अडल्या तेवढ्याच जास्तीच्या सळया दोन्ही कडांना घालता आल्या. छज्जा २.४ मीटरवरून १.८ मीटर केला. लांबी पाव हिश्श्याने कमी झाली, पण मुळाशी येणारा ताण जवळजवळ चव्वेचाळीस टक्क्यांनी घटला, आणि जाडी तीच ठेवली असती तर टोकाचं झुकणं मूळच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी उरलं असतं. इथे मात्र जाडी कमी करून मुळाशी वीस सेंटिमीटरवर आणली. काचेच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, बारा सेंटिमीटर व्यासाचा पोलादी खांब आला. बीम उलटा घेतला, त्यातून पाणी जायला ओतण्याआधीच पाइपाचे तुकडे बसवले, आणि उतार मागच्या भिंतीकडे नेला, जिथे पाइप लपतो. काचेच्या वरच्या चौकटीत दोन सेंटिमीटरची लवचीक जागा सोडली, कारण सहा मीटरच्या बीमचं पुढच्या काही वर्षांतलं वाकणं दीड-पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतं आणि ती जागा नसेल तर काच तडकते. भराव स्लॅबनंतर करायचं ठरलं. यातला एकही बदल महागडा नव्हता. काँक्रीट ओतल्यानंतर मात्र यातला एकही करता आला नसता.

तेव्हा माझी मागणी अगदी ठोस आहे. घराचं रेंडर मालकाला दाखवताना त्याच्यासोबत छताचा एक छेद असलाच पाहिजे, विसास एक प्रमाणात, एका कागदावर मावणारा. त्यात बीमची उंची, छज्जाची मुळाशी आणि टोकाशी जाडी, वरच्या सळया मागे किती जातात, उतार कुठून कुठे, पाइप कुठे आणि टेकू कशावर उभे राहणार, एवढं दिसलं पाहिजे. इतका छेद काढायला अनुभवी माणसाला एक दिवस पुरतो. रेंडरला त्याहून जास्त वेळ जातो. करारालाही रेंडरसोबत हा छेद जोडावा, आणि दोघांत विसंगती असेल तर छेद खरा मानावा असं त्यात लिहावं. आर्किटेक्ट मंडळींनी ही सवय स्वतःहून लावून घ्यावी. वास्तुकलेच्या शाळांत देखाव्याला गुण देण्याआधी विद्यार्थ्याला त्याच छताचे टेकू कागदावर काढून दाखवायला लावावं.

आणि गवंड्याला त्या बैठकीचे पैसे द्यावेत. आज त्याची मजुरी काम सुरू झाल्यावर सुरू होते, म्हणून त्याचा प्रश्नही काम सुरू झाल्यावरच ऐकला जातो. नकाशाच्या टप्प्यावर त्याचा अर्धा दिवस घेतला तर त्या अर्ध्या दिवसाची मजुरी आर्किटेक्टच्या आणि इंजिनिअरच्या मानधनाच्या खाली, त्याच कागदावर, वेगळी ओळ म्हणून लिहिलेली असावी.